थायरॉईड असेल तर बीटाडीनच्या गुळण्या?

> थायरॉईडची गोळी चालू आहे, बीटाडीनच्या गुळण्या चालतील ना? थुंकूनच तर टाकतो.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. थुंकलं तरी तोंडाच्या आतल्या नाजूक आवरणातून बीटाडीनमधलं थोडं आयोडीन शोषलं जातंच, आणि आधीच बिघडलेली थायरॉईड त्याने आणखी डळमळू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मनाच्या आजारासाठी लिथियमची गोळी घेणारे, सहा वर्षांखालची मुलं यांनीही लांबच राहावं.

बाकीच्यांनी २ टक्क्यांचं गुळण्यांचंच औषध तेवढ्याच पाण्यात मिसळून अर्धा मिनिट घोळवावं. जखमेवर लावायची बाटलीही तशीच तपकिरी असते, ती घशासाठी नाही. तसंही सर्दीच्या विषाणूने सुजलेल्या घशात हे वरवरच पोचतं. तुम्हाला कोमट मिठाचं पाणी पुरे. थुंकीही गिळवेना किंवा ताप हटेना, तर मात्र घसा दाखवून या.