मदत हवी आहे: निर्णयांची वही लिहितोय, पण नंतर वाचताना सगळं 'आधीच कळलं होतं' असंच वाटतं

पर्चेसवाला: प्लँटचं पर्चेस बघतो. मोठे निर्णय वहीत लिहून ठेवतो, नंतर वाचून आपलं कुठे चुकतं ते कळावं म्हणून. उपयोग शून्य. खोक्यांचा सप्लायर बदलला, त्याने ऐन गणपतीच्या आधी माल लटकवला, आणि आता वही उघडली तर वाटतं हे मला तेव्हाच दिसत होतं! कोणी नेमाने करतंय का? लवकर सांगा, तिमाही रिव्ह्यू डोक्यावर आहे.

मुक्ता_नाशिक: त्या सप्लायरबद्दल नेमकं काय लिहिलंय? पीओ सोडायच्या आधी की नंतर?

पर्चेसवाला: शनिवारी आठवड्याचं एकदम लिहितो. "रेट चांगला, माणूस बरा वाटला, डिलिव्हरीचं बघावं लागेल."

सोनचाफा: पहाटे उठून तीन पानं लिहा, मन मोकळं होतं.

शॉपफ्लोअर_काका: वहीबिही सोडा हो. निकाल चांगला तर निर्णय चांगला, आम्ही असंच कारखाना चालवला.

मुक्ता_नाशिक: काका, सगळी ऑर्डर एकाच नवख्या माणसावर टाकली आणि नशिबाने माल आला, तर तो निर्णय चांगला का?
पर्चेसवाला, "बघावं लागेल" हे वाक्य माल आला तरी खरं, नाही आला तरी खरं, म्हणून तर वाटतं की कळलं होतं. पीओच्या आधी लिहा, "३१ ऑगस्टपर्यंत दहापैकी निदान नऊ गाड्या ठरल्या दिवशी येतील, खात्री ७० टक्के." जुन्या सप्लायरला का सोडलं आणि कोणती माहिती हातात नव्हती तेही लिहा. तारीख टाका, नंतर खाडाखोड नाही. आणि पान उघडायच्या आधी, तेव्हा किती खात्री होती असं आता आठवतंय ते वेगळ्या कागदावर लिहा, मग ताडून बघा. फिशहॉफ आणि बेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली हेच दाखवलं, निक्सनच्या १९७२च्या चीन-रशिया दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज घेतले आणि नंतर तेच आठवायला लावले, तर जे घडलं त्याला आपण जास्त शक्यता दिली होती असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

एक्सेलवीर: शीटच करा. ७० टक्केवाले सगळे एकत्र काढा, दहातले सातेक खरे ठरायला हवेत. दहाच्या दहा खरे ठरले तरी तुमचा अंदाज कच्चाच, उगाच घाबरत होतात.

मुक्ता_नाशिक: पण मॅनेजरचे असे मोठे निर्णय वर्षाला पंधरा-वीस, त्यात ७० टक्केवाले चार. चारावर काय ठरवणार? त्यापेक्षा कारणं वाचा. माल लटकला तो तुम्ही लिहिलेल्याच धोक्यामुळे, की भलत्याच कशाने?

पर्चेसवाला: भलत्याचमुळे! मला त्याच्या गाड्यांची काळजी होती, अडकलं ते कागदाच्या रिळांवर. हे वहीत कुठेच नाही. पण रिव्ह्यूला साहेबांनी विचारलं की ३० टक्के शंका होती तर पीओ का दिली, तर?

शॉपफ्लोअर_काका: म्हणूनच म्हणतो, लेखी काही ठेवू नका.

एक्सेलवीर: उलट आधीच साहेबांना मेल करून ठेवा, मग कोण विचारतंय.

मुक्ता_नाशिक: ते साहेबांवर आहे. मी माझ्या आधीच्या बॉसना वही दाखवत होते, आताच्यांना नाही.