पाइप कटिंग: इंटिजर प्रोग्रॅम लावायचा की 'मोठा तुकडा आधी' पुरे?

शेडवाला
आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. 6 मीटरचा एमएस पाइप येतो, ऑर्डरप्रमाणे तुकडे काढायचे आणि पाइप कमीत कमी लागले पाहिजेत. पायथॉनमधून सीबीसी सॉल्वरला असं लिहून दिलं, i म्हणजे तुकडा, j म्हणजे पाइप, L तुकड्याची लांबी, तुकडा i पाइप j मधून काढला तर x 1, पाइप j वापरला तर y 1:

```
min  sum_j y[j]
sum_j x[i,j] = 1             # प्रत्येक i
sum_i L[i]*x[i,j] <= 6000*y[j]   # प्रत्येक j
x, y = 0/1
```

पहिली ऑर्डर 2380 मिमीचे 20 आणि 1790 चे 40. हाताने 24 पाइप लागत होते, सॉल्वरने 20 दिले. दुसरी ऑर्डर 3100 चे 16 आणि 2950 चे 14. 23 पाइप हे उत्तर मिनिटभरात आलं पण रात्रभर चालवलं तरी खालची मर्यादा, म्हणजे याहून कमी पाइपात होणारच नाही असा सॉल्वरचा आकडा, 16-17 च्या पुढे सरकेना, त्यामुळे 22 मध्ये बसेल का नाही तेच कळत नाही. भाऊ म्हणतो सोड हे सगळं. तुमचं मत काय?

कटपीस_काका
भावाचं ऐका. तुकडे मोठ्यापासून लहानाकडे लावायचे आणि प्रत्येक तुकडा पहिल्या मावेल त्या पाइपात टाकायचा, पंधरा वर्षं आम्ही हेच करतोय. दुसऱ्या ऑर्डरला या पद्धतीने पण 23 च येतात, कागदावर करून बघा, मग रात्रभर कॉम्प्युटर तापवून मिळालं काय? शिवाय ही पद्धत किती चुकू शकते ते सिद्ध झालेलं आहे, सर्वोत्तमाच्या 11/9 पट आणि वर एखादा पाइप, त्यापेक्षा वाईट कधीच नाही.

सिम्प्लेक्स_सांगली
काका, 11/9 खरंय पण ते म्हणजे 22 टक्के जास्त माल, आणि पहिल्या ऑर्डरला जवळपास तेच झालंय. तुमची पद्धत आधी 2380 चे दोन-दोन तुकडे एका पाइपात टाकते, मागे 1240 उरतो आणि त्यात 1790 मावत नाही. असे 10 पाइप गेले. मग 1790 चे तीन-तीन, त्याला 14. एकूण 24. एक 2380 आणि दोन 1790 मिळून 5960 होतात, असे 20 पाइप केले की सगळं संपतं. आणि 20 च्या खाली जाणं शक्यच नाही, एकूण लांबी 119200 आहे, 6000 ने भागली की 19.87. एका ऑर्डरला 4 पाइप म्हणजे 24 मीटर माल, हे सोडून द्यायचं का?

दुसऱ्या ऑर्डरला दोष इंटिजर प्रोग्रॅमचा नाही, तो मांडलाय कसा त्याचा आहे.

पायथॉन_पुणे
सिमेट्री! सगळे पाइप सारखेच, त्यामुळे 3 नंबरच्या पाइपातला माल 7 नंबरमध्ये टाकला तरी सॉल्वरला ते नवीन उत्तर वाटतं आणि तो तेच तेच तपासत बसतो. `y[j] >= y[j+1]` ही ओळ टाका, सुटेल.

सिम्प्लेक्स_सांगली
ती ओळ जरूर टाका, पण तेवढ्याने सुटणार नाही. त्याने फक्त आधी कुठले पाइप वापरायचे ते ठरतं, वापरलेल्या पाइपांची आपापसात अदलाबदल चालूच राहते. आणि मुळात खालची मर्यादा त्याने हलत नाही. सॉल्वर आधी 0/1 ची अट ढिली करतो, म्हणजे अर्धा तुकडा या पाइपात, अर्धा त्या पाइपात चालेल असं धरतो. वर्कशॉपच्या भाषेत म्हणजे जॉइंट मारायला परवानगी. तसं धरलं की नुसती एकूण लांबी उरते, 90900 भागिले 6000, 15.15, म्हणजे 16. 3100 चे दोन तुकडे एका पाइपात मावत नाहीत ही साधी गोष्ट त्या आकड्यात कुठेच येत नाही. ती त्याला एकेक फांदी तपासून शोधावी लागते, रात्र त्यातच गेली.

उपाय जुना आहे, आयबीएमच्या गिलमोर आणि गोमोरी यांनी 1961 मध्ये मांडलेला. कुठला तुकडा कुठल्या पाइपात हे विचारायचंच नाही. एक पाइप किती प्रकारांनी कापता येतो ते प्रकार लिहायचे आणि प्रत्येक प्रकार किती वेळा हे विचारायचं. तुमच्या दुसऱ्या ऑर्डरला कामाचे प्रकार दोनच: एक 3100, किंवा दोन 2950. 3100 आणि 2950 एकत्र 6050 होतात, मावत नाहीत. पहिला प्रकार 16 वेळा, दुसरा 7 वेळा, 23. इथे अर्धे पाइप चालतील असं धरलं तरी उत्तर 23 च येतं, म्हणजे 22 होणार नाही हे तिथल्या तिथे सिद्ध.

शेडवाला
अरे वा. पण दहा-बारा साइझ असले की प्रकार हजारोंनी होतील ना?

सिम्प्लेक्स_सांगली
सगळे लिहायचे नसतात, गरजेप्रमाणे काढायचे. तुमचीच पहिली ऑर्डर घ्या, सुरुवातीला दोनच प्रकार: दोन 2380, किंवा तीन 1790. ढिलं उत्तर 10 अधिक 13.33. या घडीला 2380 च्या तुकड्याची किंमत अर्धा पाइप आणि 1790 च्याची एक तृतीयांश पाइप. आता असा प्रकार शोधायचा की 6000 मध्ये मावतोय पण त्यातल्या तुकड्यांची किंमत 1 च्या वर जाते. एक 2380, दोन 1790: 0.5 अधिक 0.67, 1.17. सापडला, घ्या यादीत. परत सोडवलं की 20. मग 1 च्या वर जाणारा प्रकारच मिळत नाही, तिथे थांबायचं. शेवटी अपूर्णांक उरले तर पूर्ण करावे लागतात, त्यात बहुतेक वेळा फार तर एक पाइप जास्त जातो. एकापेक्षा जास्त जाऊच शकत नाही असं मानतात, पण ते अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

टेम्पो_नाशिक
मी कार्टन भरतो टेम्पोत, त्याला पण चालेल का? मी घनफळाची बेरीज टाकली, सॉल्वर म्हणतो दोन टेम्पोत बसेल, प्रत्यक्षात तिसरा बोलवावा लागला.

पायथॉन_पुणे
तुमचं वेगळंय दादा. पाइपाला एकच माप, लांबी, त्यामुळे बेरीज जमली की माल मावतोच. कार्टनला लांबी रुंदी उंची, शिवाय वर किती वजन ठेवता येतं तेही बघायचं, नुसत्या घनफळाने फसणारच. वेगळा धागा काढा, मीही लिहीन.

कटपीस_काका
एक सगळेच विसरताय. चॉप सॉची चकती 3 मिमी माल खाते. 5960 ठीक आहे, पण उद्या 2400 आणि दोन 1800 आले तर बेरीज बरोब्बर 6000, सॉल्वर म्हणेल मावतं आणि शेवटचा तुकडा कमी पडेल.

सिम्प्लेक्स_सांगली
एकदम बरोबर. प्रत्येक तुकड्यात 3 मिळवा आणि पाइप 6003 धरा, कारण शेवटच्या तुकड्यानंतर काप लागत नाही. पाइपाचं टोक साफ करून घेत असाल तर तेवढं आधी 6000 मधून वजा करा.

कटपीस_काका
आणि मला अजून एक पटत नाहीये. दुसऱ्या ऑर्डरला 16 पाइपांच्या मागे प्रत्येकी 2.9 मीटरचा कटपीस उरतो. तुमचा प्रोग्रॅम त्याला भंगार समजतो, माझ्याकडे तो रॅकवर जातो आणि पुढच्या ग्रिलला लागतो.

पायथॉन_पुणे
लागला तर. आमच्याकडे रॅकवरचे निम्मे गंजून भंगारातच गेले. पुढची ऑर्डर माहीत नसताना त्याची किंमत काय धरायची?

कटपीस_काका
गिऱ्हाईक ओळखीचं असतं, अंदाज येतो. आकडा मलाही सांगता येणार नाही.

ग्रिल_ताई
शेडवाले दादा, 2950 चे तुकडे कशाला आहेत? तो 16 चा आकडा बघून विचारतेय. 2890 चालले तर 3100, 2890 आणि काप 3 मिळून 5993 होतात. मग 14 पाइपात दोन्ही निघतील, उरलेल्या 3100 ना 2 पाइप, एकूण 16. तुकड्याला 60 मिमी कमी केले की 7 पाइप वाचतात.

शेडवाला
उभे खांब आहेत ते, खाली बेस प्लेट येते. आर्किटेक्टला आत्ताच फोन लावतो, तोपर्यंत कटिंग थांबवलंय.