आगीत बसलेला कुत्रा: खरं मीम कुठलं?

मंदार_के: आजूबाजूला आग लागलीय आणि टोपीवाला कुत्रा कॉफी समोर ठेवून 'दिस इज फाइन' म्हणतो, ते मीम. एकाकडे दोनच चौकटी दिसल्या, एकाकडे सहा, आणि तिसरीकडे तोच कुत्रा आग विझवतोय. ओरिजिनल कुठलं आणि अर्थ काय?

सोनल: दोन चौकटीवालं ओरिजिनल, बाकीचं लोकांनी मागाहून चिकटवलंय. अर्थ सिंपल आहे, काहीही होवो आपण कूल राहायचं.

जुनी_दौत: उलटं आहे. के. सी. ग्रीनच्या 'गनशो' वेबकॉमिकमध्ये २०१३ च्या जानेवारीत हे आलं तेव्हाच सहा चौकटी होत्या. कुत्रा कॉफी पितो, हात पेटतो, तरी सगळं ठीक होईल म्हणतो आणि शेवटच्या चौकटीत त्याचं तोंड चक्क वितळतं. लोकांनी पहिल्या दोन ठेवून बाकीच्या कापल्या म्हणून तो कूल वाटतो, मुळात तो डोळ्यांवर कातडं ओढून बसलाय. आग विझवणारं पण बनावट नाही बरं का, ते ग्रीननेच २०१६ मध्ये काढलंय. म्हणजे त्याच माणसाने काढलेलं, पण तीन वर्षांनी, म्हणून ते घेऊन पहिल्याचा अर्थ लावू नका.

बाळू७७: आमच्या ऑफिस ग्रुपवर याच कुत्र्याच्या तोंडी 'अप्रेझल झालं' असं घालून कोणीतरी टाकलं आणि साहेब माझ्यावर चिडले, मी नव्हतं केलं हो ते. आता हे सिद्ध कसं करू?

जुनी_दौत: कोणी केलं ते चित्रावरून नाही कळणार, एडिट केलंय एवढं कळेल. संवादाचा फुगा झूम करा. मूळ अक्षरं हाताने काढलेली आहेत, त्यामुळे एकच अक्षर दोनदा आलं की थोडं वेगळं दिसतं, टाइप केलेलं असेल तर हुबेहूब सारखं. पुसलेल्या जागी पांढरा रंग जरा जास्तच स्वच्छ असतो, फुग्याची रेघ मध्येच तुटते. पण कोणी सफाईने केलं असेल आणि वर दहा वेळा फॉरवर्ड होऊन चित्र धुरकट झालं असेल तर यातलं काही दिसणार नाही, मग सहाच्या सहा चौकटी शोधून शेजारी ठेवून बघायच्या.

सोनल: मी चित्रावरून चित्र शोधणाऱ्या TinEye साइटवर 'Oldest' लावून बघितलं की.

जुनी_दौत: ते चित्र त्यांना पहिल्यांदा कधी सापडलं ती तारीख असते, बनलं कधी ती नाही. कापलेली कॉपी आधी सापडली तर तीच वर येते.

सोनल: बरं, सहा चौकटी मान्य. पण आता सगळे दोनच वापरतात ना, मग तोच अर्थ झाला. मी परीक्षेच्या आदल्या रात्री ते टाकते तेव्हा वितळणाऱ्या तोंडाशी मला काय करायचंय.

जुनी_दौत: परीक्षेच्या आदल्या रात्री टाकतेस आणि म्हणे कूल! अगं, हा तर ग्रीनचाच अर्थ झाला.

सोनल: अजिबात नाही, माझा अभ्यास झालेला असतो.