झूमवर को-होस्ट पुरेसा आहे, की अल्टरनेटिव्ह होस्टही हवा?

मीनल: आमच्या बैठका मीच बोलावते. मध्येच माझं नेट गेलं तर खोळंबा नको म्हणून सुरुवातीलाच एकाला को-होस्ट करते. सहकारी म्हणतो, अल्टरनेटिव्ह होस्टही नेमून ठेव. मला ते जादाचं वाटतं. तुमचं मत?

प्रशांत: सहकाऱ्याचं बरोबर आहे. को-होस्ट मीटिंग सुरू झाल्यावरच करता येतो. नेट सुरुवातीच्या आधीच गेलं तर? वेटिंग रूम लावली असेल तर सगळे बाहेर ताटकळणार आणि त्यांना आत घेणारं कुणीच नसणार. अल्टरनेटिव्ह होस्टचा ईमेल शेड्यूल करतानाच Alternative Hosts मध्ये टाकतात, मग तो तुमच्याशिवाय मीटिंग सुरू करू शकतो.

गौरी: अजिबात पटलं नाही. मीनलताई मध्येच नेट जाण्याबद्दल विचारतायत. होस्टचं कनेक्शन तुटलं की झूम को-होस्टलाच होस्ट करतं. शिवाय अल्टरनेटिव्ह होस्ट त्याच अकाउंटवरचा आणि लायसन्सवाला लागतो. आमचे वक्ते बाहेरचे असतात, त्यांचा ईमेल तिथे चालतच नाही. को-होस्ट मात्र कुणालाही करता येतो.

सलील: आम्ही मीट वापरतो. होस्ट गेला तरी कॉल चालूच राहतो. उगाच डोकेफोड कशाला?

प्रशांत: सलील, प्रश्न झूमचा आहे. आणि कॉल चालू राहणं वेगळं, उशिरा आलेल्याला आत घेणारं कुणीतरी असणं वेगळं.

वंदना: गौरी, होस्टपद आपोआप जातं हे खरं, पण सगळं जात नाही. समजा मीनल स्लाइड दाखवतेय आणि रेकॉर्डिंग तिच्याच लॅपटॉपवर चालू आहे. नेट गेलं की दोन्ही थांबणार. को-होस्ट आता होस्ट झाला, पण त्याच्याकडे स्लाइडची फाइलच नसेल तर लोक नुसते एकमेकांची तोंडं बघत बसणार. म्हणून फाइल त्याला आधी पाठवायची आणि रेकॉर्डिंग क्लाउडवर ठेवायचं.

खरी फजिती परत येताना होते. लॅपटॉप बंद म्हणून मीनल मोबाइलवरून लिंक उघडते, पण तिथे लॉगिन केलेलं नाही. झूमच्या लेखी ती एक पाहुणी, म्हणून वेटिंग रूममध्ये. नवीन होस्टने यादीकडे पाहिलंच नाही तर ती बाहेरच राहते. स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून आलं तर Participants मध्ये Reclaim Host दिसतं. मोबाइलवर लॉगिन आधीच करून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते.

गौरी: मोबाइलचं मान्य. पण को-होस्टला लोकांना बाहेर काढण्याचाही अधिकार मिळतो. दोन-दोन माणसांना तो कशाला द्यायचा?

प्रशांत: तोच एक माणूस दोन्ही असू दे की. मीनल, तुमचा को-होस्ट ऑफिसच्याच अकाउंटवर आहे ना?

मीनल: एक आहे. पण तो रजेवर असला की दुसरी येते, ती बाहेरची. तिच्या वेळी सुरुवात कोण करणार, ते विचारून बघते.