मदत हवी आहे: डेअरीतला साउंडबॉक्स संध्याकाळी उशिरा बोलतो, एसएमएस तर येतच नाही

वृषाली_सांगली

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमची छोटी डेअरी आहे. संध्याकाळी 6 ते 9 सासरे एकटेच काउंटरवर असतात आणि नेमकी तीच गर्दीची वेळ. काउंटरवर क्यूआर आहे, शेजारी पेमेंट कंपनीचा साउंडबॉक्स. दोन वर्षं झाली घेऊन, महिन्याचं भाडं खात्यातून कापलं जातं. सकाळी तो अगदी वेळेवर बोलतो. संध्याकाळी सात वाजले की त्याला काहीतरी होतं.

मंगळवारी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने 186 रुपये दिले. फोनवर हिरवी खूण होती, पण बॉक्स गप्प. बाबांनी त्यांना थांबवून ठेवलं. चार लोकांसमोर शब्दाने शब्द वाढला आणि ते दुधाच्या पिशव्या काउंटरवर ठेवून निघून गेले. सात-आठ मिनिटांनी बॉक्स बोलला, "एकशे शहाऐंशी रुपये प्राप्त झाले". बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. पंधरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक होतं ते.

आधीच्या आठवड्यात उलटं झालं होतं. एका मुलाने 340 रुपयांचं पनीर नेलं, खूण दाखवली. बॉक्स बोललाच नाही आणि ते पैसेही मला कुठे दिसले नाहीत. म्हणून तर बाबा आता कोणावर विश्वास ठेवत नाहीत.

बँकेचा एसएमएस बघावा म्हटलं तर तोही येत नाही. वायफाय घ्यावं का? बॉक्स बदलावा? की बँकेत जावं?

मिलिंद_ठाणे

ताई, यात तुमच्या बॉक्सचा दोष नाही. संध्याकाळी सगळा देश पेमेंट करत असतो, यूपीआयचा सर्व्हरच तुंबतो. 12 एप्रिल 2025 ला यूपीआय कोलमडलं होतं, आठवतंय ना? मी भाजी घेऊन अर्धा तास उभा होतो. थोडी रोख ठेवायला सांगा गिऱ्हाइकांना, दुसरा उपाय नाही.

शुभांगी_के

माझंही असंच झालंय. माझ्या खात्यातून 1,250 रुपये गेले आणि मेडिकलवाला म्हणतो मिळालेच नाहीत. औषधाचे पैसे परत रोख द्यावे लागले. तीन दिवस झाले. कोणाकडे तक्रार करू?

पेटीवाला_कोल्हापूर

मी चार वर्षं अशाच बॉक्सच्या सपोर्टला होतो, कोल्हापूर-सांगली भागात दुकानोदुकानी फिरलोय. वृषालीताई, आधी तुमचं.

मिलिंदराव म्हणतात तसं यूपीआय खरोखर तुंबतं कधी कधी, पण तेव्हा गिऱ्हाइकाच्याच फोनवर पेमेंट अडकतं किंवा फेल होतं. 12 एप्रिलला तेच झालं होतं. तुमच्याकडे गिऱ्हाइकाच्या फोनवर पेमेंट पूर्ण दिसतंय आणि बॉक्स गप्प आहे. म्हणजे अडचण त्याच्या पुढे कुठेतरी आहे.

गिऱ्हाइकाने पिन टाकला की त्याची बँक पैसे वजा करते, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयमार्फत ते तुमच्या बाजूच्या बँकेत जमा होतात आणि तसा निरोप पेमेंट कंपनीच्या सर्व्हरला जातो. इथवर सगळं काही सेकंदांत होतं. मग तो सर्व्हर तुमच्या बॉक्सला कळवतो, आणि हा शेवटचा टप्पा बॉक्सच्या आतल्या सिमकार्डवरून जातो. तुमच्या फोनचा, त्याच्या डेटाचा किंवा ब्लूटूथचा अशा बॉक्सशी काही संबंध नसतो. दोन वर्षांपूर्वीचा बॉक्स असेल तर आत बहुधा 2जी सिम असेल. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की असला बॉक्स सर्व्हरपासून तुटतो, परत जुळतो, परत तुटतो.

बॉक्स तुटलेला असताना आलेले निरोप सर्व्हर थोडा वेळ धरून ठेवतो आणि बॉक्स जुळला की सोडतो. म्हणून तो मध्येच तीन-चार पेमेंट एका दमात बोलून टाकतो. फार जुना झालेला निरोप सर्व्हर टाकून देतो, नाहीतर समोर दुसरंच गिऱ्हाईक असताना भलताच आकडा ऐकू येईल. किती वेळ धरायचा हे ज्या त्या कंपनीचं वेगळं असतं.

तुमच्या दुकानात नक्की काय होतंय हे बघायचं असेल तर आज साडेसातला तुमच्या फोनवरून त्याच क्यूआरवर एकेक रुपया तीन वेळा पाठवा. दुकानाला जोडलेलं खातं सोडून दुसऱ्या खात्यातून पाठवा, त्याच खात्यातून त्याच खात्यात जात नाही. प्रत्येक रुपयाला घड्याळातल्या तीन वेळा लिहा: तुमच्या फोनवर पेमेंट झालं ती, बाबांच्या व्यापारी अॅपच्या यादीत दिसलं ती, आणि बॉक्स बोलला ती. मग बॉक्स दुकानाबाहेर पायरीवर नेऊन ठेवा, पाचेक मिनिटं जाऊ द्या आणि परत तीन वेळा करा. काय येतं ते इथे सांगा. आणि बॉक्स कुठे ठेवलाय तेही सांगा.

शुभांगीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर ते आपोआप परत यायला हवेत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची मुदत ठरवली आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. ज्या अॅपवरून दिलेत त्यातच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर लिहून ठेवा. पण त्याआधी मेडिकलवाल्याला त्याची यादी त्या दिवसाच्या वेळेनुसार बघायला सांगा. कित्येकदा पैसे आलेले असतात, फक्त बॉक्स बोललेला नसतो.

म्हापशेकार

माझे म्हापशात स्टेशनरीचे दुकान आहे. 340 रुपयांबद्दल एक सांगतो. आमच्याकडे फलकावर माझा मोबाईल नंबर लिहिलेला आहे. काही लोक क्यूआर स्कॅन न करता त्याच नंबरवर पैसे पाठवतात. ते माझ्या घरच्या खात्यात जातात आणि बॉक्स काहीच बोलत नाही, कारण बॉक्स फक्त त्याच्या क्यूआरवर आलेले पैसे बोलतो. मी एकाला खोटारडा म्हटले होते, नंतर कळले पैसे आले होते. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली.

वृषाली_सांगली

पेटीवाले दादा, खूप आभार. काल रात्री सगळं केलं, मुलीने घड्याळ धरलं होतं.

बॉक्स आमच्या डीप फ्रीजरवर मागच्या भिंतीला टेकून असतो, वर स्टीलची मांडणी आहे. तिथे पहिला रुपया 7:34 ला गेला, बाबांच्या अॅपमध्ये लगेच दिसला, बॉक्स 7:36 ला बोलला. दुसरा 7:39 चा, बोलला 7:43 ला. तिसरा बोललाच नाही, अॅपमध्ये मात्र होता. मग बॉक्स पायरीवर नेला. तिन्ही वेळा आमचं "गेला" म्हणून होईपर्यंत तो बोलून मोकळा!

म्हापशेकर, तुमचं वाचून बाबांचं घरचं खातं तपासलं. आमच्याही पाटीवर नंबर आहे. 340 तिथे नाहीत. पण मागच्या महिन्यातले 95 रुपये सापडले, ज्यांना आम्ही नावं ठेवत होतो त्यांचेच.

आता एसएमएसचं सांगा ना. बाबांचा खरा भरवसा एसएमएसवर आहे.

पेटीवाला_कोल्हापूर

अॅपमध्ये लगेच आणि बॉक्सवर उशिरा, आणि पायरीवर सगळं सुरळीत. म्हणजे पैशाची वाट नीट आहे, रेंज मार खातेय. फ्रीजरचा पत्रा आणि स्टीलची मांडणी यांच्या मधोमध तुम्ही त्याला कोंडलंय. दाराजवळच्या काचेच्या कपाटावर ठेवा, वायर लांब घ्या. वायफाय घेऊन उपयोग नाही, बॉक्सला वायफाय जोडायची सोय असेल तरच.

एसएमएसचं सांगण्याआधी एक विचारतो. पासबुकात प्रत्येक पेमेंटची वेगळी नोंद दिसते का, की दिवसाची एकच मोठी रक्कम?

वृषाली_सांगली

एकच. आज सकाळी 11,240 जमा झालेत, कालचे सगळे मिळून. एसएमएस तेवढा एकच आलाय.

पेटीवाला_कोल्हापूर

मग तो वेगळा यायचाच नाही. तुमच्या क्यूआरवरचे पैसे आधी पेमेंट कंपनीकडे गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी एकत्र तुमच्या खात्यात येतात. बँकेला 186 रुपयांचं वेगळं काही माहीतच नाही, ती एसएमएस कशाचा पाठवणार? बँकेचा स्वतःचा क्यूआर घेतलात तर दर पेमेंट थेट खात्यात येईल. पण तिथेही छोट्या रकमांचा एसएमएस मिळेलच असं नाही. एका मोठ्या खासगी बँकेने जून 2024 पासून यूपीआयने जमा झालेल्या 500 रुपयांपर्यंतच्या रकमांचे एसएमएस बंद केलेत. डेअरीत 500 च्या वरची पेमेंट किती होतात?

शिवाय एसएमएस वेगळ्याच वाटेने येतो, बँकेकडून संदेश पाठवणाऱ्या कंपनीकडे आणि तिथून मोबाईल कंपनीकडे. पैसे पोचलेले असतात आणि तो मागे रेंगाळतो. आणि बाबांना हे नक्की सांगा की "तुमच्या खात्यात जमा" असा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला तर तो बँकेचा नाही. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो.

बॉक्स गप्प असेल तेव्हा व्यापारी अॅपची यादी उघडायची, खाली ओढून ताजी करायची आणि रक्कम व वेळ बघायची. गिऱ्हाइकाच्या फोनवरची खूण पुरावा धरायची नाही, हुबेहूब तशी खूण दाखवणारी बनावट अॅप्स आहेत. बॉक्सचं परत ऐकायचं बटण दाबून खात्री करू नका. ते शेवटचं बोललेलं ऐकवतं, आणि डेअरीत अर्ध्या लिटरचे पैसे लागोपाठ तिघांचे सारखेच असतात.

मिलिंद_ठाणे

हे मला माहीत नव्हतं. मी एसएमएस आला नाही म्हणून बँकेत भांडून आलो होतो.

म्हापशेकार

आणखी एक. रोज सकाळी आपलाच क्यूआर स्कॅन करून नाव कोणाचे येते ते बघा. वरून दुसऱ्याचा स्टिकर चिकटवून गेले तर गिऱ्हाइकाचे पैसे खरेच जातात, खूणही खरी असते. ते 340 तसे गेले नसतील ना?

वृषाली_सांगली

स्कॅन केला, नाव बाबांचंच येतंय. त्या दिवशी काय होतं ते आता सांगता येणार नाही. 340 चं कोडं तसंच राहिलं.

बॉक्स दाराजवळ हलवून आज चौथा दिवस. संध्याकाळी 41 पेमेंट झाली, दोन उशिरा बोलली, एक बोललंच नाही. बाबांच्या फोनवर यादी उघडीच ठेवतो आता. बाबा स्वतः त्या गिऱ्हाइकांकडे दूध घेऊन गेले होते. त्यांनी दूध घेतलं, बोलले फारसं नाहीत.

कंपनीकडे 4जी बॉक्स मागितला. जुना परत गेल्याशिवाय नवा देणार नाही म्हणतात, म्हणजे मधले आठ-दहा दिवस बॉक्सच नाही. दादा, कुरिअर न करता त्यांचा माणूस दुकानात येऊन जागेवर बदलून देतो का? कोणाला तसा मिळालाय का?