ताप सोमवारी आला, सर्टिफिकेट बुधवारचं: रजेच्या अर्जात काय लिहावं?

निवांत
सोमवारी, ८ तारखेला सकाळी ताप भरला. साहेबांना लगेच मेसेज केला. दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले, ताप उतरेना म्हणून बुधवारी १० तारखेला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी व्हायरल फीवर सांगून १० ते १४ विश्रांतीचं सर्टिफिकेट दिलं. १४ ला रविवार, १५ ला कामावर हजर झालो. आता ८ ते १३ अशा सहा दिवसांचा अर्ज द्यायचाय, पण ८ आणि ९ चा कागद नाही. मित्र म्हणतो, डॉक्टरांना सांग १० चे ८ करायला. करू का?

बिनधास्त बंडू
करा की. तुम्ही खरंच आजारी होतात, खोटं काय आहे त्यात? कागदाला तारीख लागते, तारीख द्यायची. नेहमीचे डॉक्टर असतील तर दोन मिनिटांचं काम.

जुना कारकून
बंडूशेठ, आजार खरा आहे, पण तारीख खोटी होईल. मी वीस वर्षं रजेचे अर्ज हातावेगळे केलेत. रजा नामंजूर होते ती बहुतेक वेळा आजाराबद्दल शंका आली म्हणून नाही, कागद एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. सर्टिफिकेट ८ तारखेचं, औषधाच्या दुकानाची पावती १० ची, रक्ताच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ १० ची. आम्ही हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो. एकदा शंका आली की मग खरे चार दिवससुद्धा अडकतात.

सावली
काळजी घ्या हो, रजा वाढवायची असेल तर संपायच्या आत कळवायला हवं. आणि अंगात ताप असताना कामावर जाऊ नका.

निवांत
सावलीताई, मी हजर झालोय. रजा वाढवायची नाही, झालेल्या रजेचा अर्ज द्यायचाय.

गणिती
मुळात काळजीच नको. दोन दिवसांच्या आजाराला सर्टिफिकेट लागतच नाही. आमच्याकडे तीन दिवसांच्या वर गेलं तरच मागतात. ८ आणि ९ हे दोनच दिवस, सरळ लिहून टाका.

जुना कारकून
अर्धं बरोबर. अशी सूट बऱ्याच ठिकाणी असते, पण ती सलग गैरहजेरीवर मोजतात. यांचे दोन दिवस पुढच्या चारांना चिकटलेले आहेत, म्हणजे आजारपण एकच आणि ते सहा दिवसांचं. दोन दिवस तोडून सूट मिळेलच असं धरून चालू नका.

डॉ. पावसाळी
मी जनरल प्रॅक्टिस करते. १० तारखेला पहिल्यांदा पाहिलेला पेशंट मी ८ ला तपासला होता, असं मला लिहिता येत नाही. खोटं सर्टिफिकेट दिल्याची तक्रार झाली तर नोंदणीवर येतं. पण एक गोष्ट मी नक्की लिहू शकते, आणि लोक ती मागतच नाहीत: "रुग्णाच्या सांगण्यानुसार ८ तारखेपासून ताप. १० तारखेला तपासले. १४ पर्यंत विश्रांतीचा सल्ला." सर्टिफिकेट दिल्याची तारीख जी आहे तीच राहते. निवांत, तुमची बुधवारची चिठ्ठी काढून बघा. वरच्या कोपऱ्यात तक्रार लिहिलेली असते.

निवांत
अरे हो! औषधांच्या वर बारीक अक्षरात लिहिलंय, "ताप, दोन दिवस". माझं लक्षच नव्हतं. हीच चिठ्ठी जोडू का?

कोरी पाटी
चिठ्ठी जोडू नका! माझी चूक सांगते. तापाच्या रजेला मी अख्खी चिठ्ठी जोडली होती. त्यावर माझ्या जुन्या झोपेच्या गोळ्याही होत्या. आठवड्याभरात शेजारच्या टेबलावरून विचारणा, "काय गं, झोप लागते का आता?" कागद किती हातांतून फिरतो हे आपल्याला कळत नाही. सर्टिफिकेट पुरे. मी तर आता आजाराचं नावही लिहू देत नाही, नुसतं "वैद्यकीय कारणास्तव विश्रांती".

डॉ. पावसाळी
चिठ्ठीबद्दल सहमत. म्हणूनच ती ओळ सर्टिफिकेटवर हवी. नावाबद्दल मात्र, ताप लिहिल्याने काही बिघडत नाही, आणि नुसतं "वैद्यकीय कारण" लिहिलं की उलट चौकशी होते, असं मी पाहिलंय.

कोरी पाटी
चौकशी झाली तर होऊ दे. ते माझं मी बघेन.

बिनधास्त बंडू
माझा मुद्दा कोणी घेतच नाही. व्हायरलच्या पहिल्या दिवशी डॉक्टर काय देतात? पॅरासिटामॉल, पाणी, झोप. तेच यांनी घरी केलं, दवाखान्यात गर्दी केली नाही. जो पहिल्याच तासाला कागदासाठी धावला त्याची रजा पास, आणि शहाण्यासारखा घरी पडून राहिला तो अडकला. मग लोक तारखा फिरवणारच.

डॉ. पावसाळी
हे मात्र खरं बोललात. माझ्याकडे सकाळी येणाऱ्यांतले काही जण औषधासाठी नाही, कागदासाठीच येतात.

जुना कारकून
नियम चुकीचा असेल, पण अर्ज आजच द्यायचाय ना? मी असा लिहीन:

"विषय: ८ ते १३ तारखेच्या आजारपणाच्या रजेबाबत.
महोदय, सोमवारी ८ तारखेला सकाळी मला ताप आला व त्याच दिवशी मी आपल्याला मेसेज करून कळवले. पहिले दोन दिवस घरीच विश्रांती घेतली. ताप न उतरल्याने बुधवारी १० तारखेला डॉक्टरांना दाखवले. त्यांनी विषाणूजन्य तापाचे निदान करून १४ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली. त्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. ८ व ९ तारखेला वैद्यकीय तपासणी झालेली नव्हती. तरी ८ ते १३ हे सहा दिवस आजारपणाची रजा म्हणून मंजूर करावेत, ही विनंती. ८ व ९ तारीख त्यात बसत नसल्यास ते दोन दिवस माझ्या शिल्लक रजेतून घ्यावेत. मी १५ तारखेपासून कामावर रुजू झालो आहे."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. ते नसेल तर ते दोन दिवस बिनपगारी धरले जाण्याची भीती. मात्र काही ठिकाणी किरकोळ रजा आजारपणाच्या रजेला जोडू देत नाहीत, म्हणून मी मोघम "शिल्लक रजा" लिहिलंय. आणि सोमवारच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, वेळ दिसेल असा.

गणिती
रविवारचं काय? प्रमाणपत्र १४ पर्यंत आहे, अर्ज १३ पर्यंत. जुळत नाही.

जुना कारकून
रविवार शेवटी आलाय, मध्ये नाही. पुढे कामाचा दिवस हजेरीचा आहे, त्यामुळे आम्ही तो रजेत मोजत नसू. दुसरीकडे मोजतात म्हणे. विचारून घ्या.

सावली
आणि फिटनेस सर्टिफिकेट? आमच्याकडे त्याशिवाय आत घेत नाहीत.

निवांत
ते कोणी मागितलं नाही, मस्टरवर सहीसुद्धा झाली. बाकी संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. १० चे ८ करा असं काही बोललो नाही, फक्त ती ओळ मागितली. त्यांनी जुनं सर्टिफिकेट परत घेतलं, नवीन लिहिलं, खाली आजची तारीख टाकली आणि वर "१० तारखेला तपासले" असं ठेवलं. अर्ज कारकूनकाकांनी लिहिला तसाच दिला. मॅडमनी वाचून ८ आणि ९ वर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाल्या, "साहेबांना विचारते."

बिनधास्त बंडू
बघा. गोल आलाच.

जुना कारकून
पेन्सिलीचा आहे ना? खोडता येतो.