मदत हवी आहे: आतल्या हनीपॉटवर रोज रात्री आपलाच सर्व्हर लॉगिन करतो, त्याला दुर्लक्षित यादीत टाकू का?

संत्रानगरी

नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. ऑफिसचे पीसी, सर्व्हर आणि कॅमेरे अशी तीन व्हीलॅन आहेत, मधे एक फायरवॉल. ओळखीच्या एका युनिटमध्ये रात्रीतून रॅन्समवेअर पसरलं आणि सकाळी बिलिंगचा माणूस येईपर्यंत कोणाला पत्ताच नव्हता. आपल्याकडे कोणी आत शिरून चाचपणी करायला लागलं तर ते त्याच रात्री कळावं, म्हणून एका जुन्या मिनी पीसीवर ओपनकॅनरी हा हनीपॉट, म्हणजे खोटा सर्व्हर दाखवणारा सापळा, बसवला. सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये `10.20.30.47` पत्ता दिला, एसएसएच आणि पोर्ट स्कॅनची नोंद सुरू केली. या पत्त्याशी कोणाचंही काही काम नाही, त्यामुळे कोणी दार वाजवलं की मला मेल येतो.

आता रोज रात्री दीडच्या सुमारास मेल येतात. आधी पोर्ट स्कॅनची नोंद, मग ही:

```
{"dst_host": "10.20.30.47", "dst_port": 22,
 "logdata": {"USERNAME": "svc_inventory", "PASSWORD": "********"},
 "logtype": 4002, "src_host": "10.20.10.15"}
```

पासवर्ड मी इथे झाकलाय, लॉगमध्ये जसाच्या तसा दिसतो. त्यानंतर `root` नावाने आणखी एक प्रयत्न. `10.20.10.15` हा आमचा इन्व्हेंटरी सर्व्हर आहे. तो रात्री सगळे पत्ते फिरून कुठल्या मशीनवर काय बसवलंय याची यादी बनवतो. म्हणजे हल्ला नाही, आपलंच सॉफ्टवेअर आहे. मेल थांबवायला हा पत्ता `ip.ignorelist` मध्ये टाकावा का? आणि हनीपॉटची जागा बरोबर आहे का? ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये तो हवा होता असं आता वाटायला लागलंय.

केबलवाला

भाऊ, जागाच चुकली. हनीपॉट कधीही खऱ्या सर्व्हरांसोबत ठेवत नाहीत. त्याच्यासाठी वेगळं व्हीलॅन करा, फायरवॉलमधून सगळीकडून तिथे यायला परवानगी द्या, तिथून बाहेर जायला बंदी. उद्या त्या मिनी पीसीत कोणी घुसलं तर तुमचे सर्व्हर शेजारीच आहेत ना. आणि इन्व्हेंटरीवाल्याला बिनधास्त यादीत टाका, नाहीतर महिनाभरात तुम्ही मेल वाचणंच सोडून द्याल.

हिंगणा_कॅम्पस

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही टी-पॉट हनीपॉट लावला होता, पब्लिक आयपीवर. तासाभरात जगभरातून लॉगिनचे प्रयत्न सुरू झाले, नकाशावर बघायला फार छान वाटायचं. तुम्हाला रोज दोनच प्रयत्न दिसून राहिले म्हणजे काहीतरी अडलंय. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलाय का ते आधी तपासा.

संत्रानगरी

@हिंगणा_कॅम्पस, हा बाहेरच्या जगासाठी नाही. इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत वाटच नाही, आणि ती नकोच आहे. आतलं कोणी हालचाल करतंय का एवढंच मला बघायचंय. शांतता हीच इथे चांगली बातमी.

रात्रपाळी

थांबा, यादीत टाकायच्या आधी ती नोंद पुन्हा वाचा. तुमचा हनीपॉट पहिल्याच आठवड्यात कामाला आलाय.

इन्व्हेंटरी सर्व्हर एका अनोळखी मशीनकडे गेला. पोर्ट २२ उघडा दिसला, म्हणून त्याने तिथे खरं नाव आणि खरा पासवर्ड देऊन टाकला. समोर कोण आहे हे त्याने तपासलंच नाही. एसएसएचचा प्रवास एन्क्रिप्टेड असतो हे खरं, पण पासवर्डने लॉगिन करताना तो पासवर्ड समोरच्या सर्व्हरच्या हातात साधा पडतो. खोट्या यजमानाला ओळखायला होस्ट की असते, पण अशी बरीच सॉफ्टवेअर नवीन मशीन दिसली की तिची की गुपचूप मान्य करतात. तुमच्या ओपनकॅनरीने जे केलं, तेच ऑफिसच्या एखाद्या लॅपटॉपवर बसलेला चोर करू शकतो. पोर्ट २२ वर खोटा एसएसएच उघडायचा आणि दीड वाजायची वाट बघायची. त्याला स्कॅन करायची गरज नाही, पासवर्ड फोडायची गरज नाही.

म्हणून आधी एक सांगा. लॉगमध्ये `svc_inventory` आणि `root` साठी जे पासवर्ड दिसतात, ते आणखी कुठे कुठे चालतात?

संत्रानगरी

ताई, आत्ता तपासलं. `svc_inventory` सगळ्या लिनक्स सर्व्हरवर आहे आणि त्याला सुडो आहे. `root` चा पासवर्ड कॅमेऱ्यांच्या दोन्ही रेकॉर्डरवर आणि जुन्या बॅकअप मशीनवर एकच आहे. बसवणाऱ्या एजन्सीने तसाच ठेवला होता. आणि हो, हे मेल आयटीच्या ग्रुप मेलबॉक्समध्ये जातात. म्हणजे पासवर्ड तिथेही पडलाय.

रात्रपाळी

मग क्रम असा ठेवा. आज इन्व्हेंटरीचं रात्रीचं वेळापत्रक बंद करा. मग दोन्ही पासवर्ड बदला, आणि रेकॉर्डर व बॅकअप मशीनचा वेगवेगळा ठेवा, कारण एकच किल्ली सगळ्या कुलुपांना लागत असेल तर एक लॉग वाचणाऱ्याच्या हाती सगळंच जातं. त्यानंतर इन्व्हेंटरीला पासवर्डऐवजी एसएसएच की द्या. की वापरली तर खोट्या सर्व्हरला परत वापरण्यासारखं काही मिळत नाही. खात्याचे अधिकारही कापा. पॅकेजांची यादी वाचायला पूर्ण सुडो लागत नाही, सुडोअर्समध्ये मोजक्या कमांड लिहून द्या. आणि "संपूर्ण रेंज फिरून लॉगिन कर" हे बंद करून "या ठरलेल्या मशीनांवर लॉगिन कर" असं करा. नवीन मशीन शोधायला रेंज फिरली तरी चालेल, पण लॉगिनशिवाय.

मेलमधून `PASSWORD` ची किंमत काढून टाका. मेलमध्ये नाव, कुठून आणि केव्हा एवढंच पुरे. पासवर्ड जुळतो का ते हनीपॉटवर जाऊन बघा. आणि त्या लॉगला खऱ्या पासवर्डांच्या फाइलसारखंच सांभाळा, कारण घाईत चुकीच्या पत्त्यावर लॉगिन करणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याचा पासवर्डही तिथे येऊन पडणार.

आता जागेबद्दल. @केबलवाला यांचं अर्धं अगदी बरोबर आहे, हनीपॉटवरून नवीन कनेक्शन बाहेर जाता कामा नये, फक्त लॉग सर्व्हरकडे वाट ठेवायची. पण वेगळ्या रिकाम्या व्हीलॅनमध्ये तो नेला तर सर्वात लवकर मिळणारी खूण हुकते. एका पीसीत शिरलेला माणूस आधी आपल्याच सबनेटमध्ये एआरपीने विचारतो, कोण कोण जागं आहे. ती विचारणा राउटर ओलांडत नाही, फायरवॉलला दिसत नाही. शेजारी बसलेल्या हनीपॉटलाच ती ऐकू येते. तुमच्याकडे शिरकाव बहुधा मेल उघडणाऱ्या पीसीतून होईल, त्यामुळे पहिला हनीपॉट ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये हवा. सर्व्हरमधला आहे तोही राहू द्या.

फक्त एकाच मशीनला तिन्ही व्हीलॅनचे पाय देऊ नका. ते जमतं, पण मशीन हाताबाहेर गेलं तर फायरवॉलला वळसा घालणारी वाट तुम्हीच बांधलेली असते. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र छोटा बोर्ड बरा.

केबलवाला

एआरपीचा मुद्दा पटला. पण ओपनकॅनरी एआरपीची नोंद ठेवतं का? माझ्या माहितीप्रमाणे नाही.

रात्रपाळी

बरोबर, ते टीसीपीचे दरवाजे बघतं. नुसती एआरपीची चाचपणी पकडायला त्याच मशीनवर वेगळं काही चालवावं लागेल. पण एआरपीने जागी मशीन सापडली की पुढचं पाऊल पोर्ट बघण्याचंच असतं, आणि तिथे ते पकडतं. स्वतः करून बघा, दुसऱ्या लॅपटॉपवरून:

```
sudo nmap -sS -p 22,445,3389 10.20.30.47
```

मेल किती वेळाने येतो ते घड्याळ लावून बघा. ही चाचणी ठरावीक दिवशी पुन्हा करत राहा, कारण शांत हनीपॉट आणि बंद पडलेला हनीपॉट मेलबॉक्समधून सारखेच दिसतात.

एक आणखी. ओपनकॅनरीच्या मूळ कॉन्फिगमधला एसएसएच बॅनर `SSH-2.0-OpenSSH_5.1p1 Debian-4` असा असतो. इतकं जुनं डेबियन तुमच्या नव्या सर्व्हरांमध्ये बघून जाणकार माणूस लगेच ओळखेल. `ssh.version` मध्ये तुमच्या खऱ्या सर्व्हरांसारखा बॅनर टाका.

लेखापरीक्षण_सदर

एक कायदेशीर बाजू. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे कुठलाही स्कॅन दिसला की सहा तासांत कळवावं लागतं. तुम्ही इतक्या रात्रींच्या नोंदी कळवल्या नाहीत, हे तपासणीत अडचणीचं ठरू शकतं.

रात्रपाळी

सहा तास बरोबर, पण "कुठलाही" नाही. त्या यादीत महत्त्वाच्या नेटवर्क वा यंत्रणांवर रोख धरून केलेलं स्कॅनिंग असं आहे. आपल्याच सॉफ्टवेअरची रोजची फेरी त्यात बसत नाही. मात्र त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायलाही सांगितलंय, आणि इथे ते लॉग म्हणजे साध्या अक्षरांतले पासवर्ड आहेत. तपासणीत मला ते जास्त अडचणीचं वाटतं.

संत्रानगरी

रात्रीचं वेळापत्रक बंद केलं, बॅकअप मशीनवरचा `root` चा पासवर्ड बदलला. रेकॉर्डरला एजन्सीचा माणूस लागेल, तो सोमवारी येतोय. आता मूळ प्रश्न उरलाच. सगळं दुरुस्त झाल्यावर फेरी पुन्हा सुरू केली की पोर्ट स्कॅनची नोंद तर येणारच. तेव्हा यादीत टाकू?

रात्रपाळी

`ip.ignorelist` मध्ये टाकलं की त्या पत्त्यावरून काहीही आलं तरी कळणार नाही. आणि मी चोर असते तर सगळ्यात आधी इन्व्हेंटरी सर्व्हरवरच जाऊन बसले असते. तिथे सगळ्या मशीनांची यादी आहे, लॉगिनची साधनं आहेत, आणि तिथून आलेल्या स्कॅनकडे कोणी बघत नाही. त्यापेक्षा इन्व्हेंटरीच्या रेंजमधून हनीपॉटचा पत्ता वगळा. मग तिथून आलेला एकही प्रयत्न खरा इशारा असेल.

केबलवाला

पण ताई, इन्व्हेंटरी सर्व्हर हाती लागलेल्या माणसाला "हा एक पत्ता वगळा" ही ओळ तिथेच वाचायला मिळेल. सापळा कुठे आहे याचा नकाशाच झाला. त्यापेक्षा फेरी चालू राहू द्या आणि मेलच्या नियमात दीड ते अडीचमधली, फक्त पोर्ट स्कॅनची नोंद गाळा. एसएसएचचा प्रयत्न कधीही आला तरी मेल.

रात्रपाळी

हा मुद्दा खरा आहे. मग वगळताना एकटा तो पत्ता नको, प्रिंटर, यूपीएस असे आणखी काही पत्ते सोबत घ्या. तरी तुमची पद्धत मला एका कारणाने खटकते: त्या तासाभरात चोराने तिथूनच नुसता पोर्ट स्कॅन केला तर तो दिसणार नाही.

संत्रानगरी

सर्व्हरमधल्या हनीपॉटला केबलवाला भाऊंचा नियम लावतो आणि ऑफिसमधल्या नव्याला ताईंचा. महिनाभरात कुठला बरा पडतो ते इथेच लिहीन. आणखी एक विचारायचं होतं: हनीपॉटकडे कोणी आलंच नाही, थेट चोरलेल्या नावाने खऱ्या सर्व्हरवर गेलं तर?

रात्रपाळी

तर हनीपॉटला काहीच दिसणार नाही. त्यासाठी डोमेनमध्ये एक खोटं खातं बनवा. नाव खऱ्या ॲडमिनसारखं, पासवर्ड लांबलचक आणि कोणालाच माहीत नसलेला, अधिकार शून्य. त्याच नावाची एक चिठ्ठी, दुसऱ्याच पासवर्डसकट, ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. कोणी ते नाव वापरून बघितलं की डोमेन कंट्रोलरवर कर्बेरॉसचा प्रयत्न असेल तर ४७७१ आणि एनटीएलएमचा असेल तर ४७७६ क्रमांकाची नोंद पडते, मग तो प्रयत्न कुठल्याही डोमेनच्या मशीनवर केलेला असो. त्या नावावर मेलचा नियम लावा. ऑडिट पॉलिसीत या नोंदी सुरू आहेत का ते मात्र आधी बघा, नाहीतर खातं असून उपयोग नाही. तुमच्याकडे डोमेन कंट्रोलर किती आहेत? दोन असतील तर दोन्हीकडचे लॉग गोळा व्हायला हवेत, कारण नोंद जिथे विचारणा झाली तिथेच पडते.

संत्रानगरी

दोन आहेत. गोळा मात्र एकाचेच होतात. दुसऱ्याचं उद्या बघतो.